पीपीटीतला ॲनिमियाचा तक्ता कसा वाचावा

प्रश्न : सर, मी सेकंड एमबीबीएसला आहे. पॅथॉलॉजीच्या सगळ्या लेक्चरच्या पीपीटी ग्रुपवर येतात आणि आमच्यातले बरेच जण त्यांच्यावरच अभ्यास करतात. पाठ सगळे असते, पण व्हायव्हात किंवा पोस्टिंगमध्ये कुणी ‘असे का?’ विचारले की अडते. पुस्तक पूर्ण वाचायला वेळ पुरत नाही. पीपीटी सोडून द्याव्यात, की त्या वापरायची काही पद्धत आहे?

उत्तर : पीपीटी सोडू नका. सेकंड इयरच्या तुमच्या ज्युनिअर-सीनिअर बैठकीत मी याच विषयावर थोडे बोललो होतो. तेव्हा वेळ कमी होता, म्हणून एकच स्लाइड घेतली होती. इथे तीच स्लाइड सावकाश उलगडतो, कारण पीपीटी कशी वापरावी हे एका स्लाइडवर नीट काम करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शिक्षक स्लाइड तयार करतात ती स्वतः बोलताना दुवा सुटू नये म्हणून. एखादे विधान कोणत्या परिस्थितीत खरे आहे, कोणत्या रुग्णात ते लागू पडत नाही आणि त्यामागे काय घडते, हे ते तोंडी सांगतात. स्लाइडवर उरतो तो निष्कर्ष. ग्रुपवर फाइल आली की तुमच्या हाती हे निष्कर्ष येतात आणि त्यांच्या अटी वर्गातच राहतात. तुमचे ‘असे का?’ला अडणे नेमके इथून येते. स्मरणशक्ती कमी पडते असे त्यात काही नाही.

मायक्रोसायटिक ॲनिमियाच्या लेक्चरमध्ये शेवटाकडे एक तक्ता असतो. आडव्या रांगेत आयर्न डेफिशियन्सी, ॲनिमिया ऑफ क्रॉनिक डिसीज आणि थॅलेसेमिया ट्रेट. उभ्या रांगेत सीरम आयर्न, टीआयबीसी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि फेरिटिन. आणि चौकटींत वर किंवा खाली जाणारे बाण. आयर्न डेफिशियन्सीत आयर्न खाली, टीआयबीसी वर, फेरिटिन खाली. क्रॉनिक डिसीजमध्ये आयर्न खाली, टीआयबीसी खाली, फेरिटिन नॉर्मल किंवा वर. हा तक्ता चांगला आहे, बरोबर आहे, आणि परीक्षेत हमखास उपयोगी पडतो. मात्र ज्याने फक्त बाण पाठ केले आहेत, त्याला रुग्णासमोर त्याचा काहीही उपयोग होत नाही. का होत नाही, ते एका रुग्णावर पाहू.

उदाहरणासाठी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली, विड्या वळणारी, ४६ वर्षांची एक बाई धरा. गेली दोन-तीन वर्षे तिच्या दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात, सकाळी बराच वेळ आखडलेली राहतात. काम बंद ठेवणे परवडत नाही म्हणून ती मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून जवळजवळ रोज घेते. आता जिना चढताना दम लागतो म्हणून सिव्हिलच्या ओपीडीत येते. रिपोर्ट असे आहेत : हिमोग्लोबिन ८.४ ग्रॅम प्रति डेसिलीटर, आरबीसी काउंट ३६ लाख, एमसीव्ही ७५, सीरम आयर्न २२, टीआयबीसी २९०, फेरिटिन ५८ आणि सीआरपी ४८. आयर्न आणि टीआयबीसीचे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये, फेरिटिन नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये आणि सीआरपी मिलिग्रॅम प्रति लीटरमध्ये आहे.

आता हे आकडे घेऊन तक्त्याकडे या. सीरम आयर्न खाली आहे, ते दोन्ही रकान्यांत बसते. टीआयबीसीची नेहमीची मर्यादा साधारण २५० ते ४५० धरली, तर २९० हा आकडा वरही नाही आणि खालीही नाही. फेरिटिन लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मल छापलेले आहे. बाण पाठ असलेला विद्यार्थी म्हणेल की फेरिटिन कमी नाही, टीआयबीसी वाढलेली नाही, सांधेदुखी आहे, म्हणजे हा क्रॉनिक डिसीजचा ॲनिमिया. सांध्यांवर उपचार करा, लोहाची गरज नाही. उत्तर ऐकायला व्यवस्थित वाटते आणि तक्त्याला धरूनही आहे. तरी ते अपुरे आहे, आणि या बाईच्या बाबतीत हा अपुरेपणा धोक्याचा आहे.

ते कळण्यासाठी बाणांच्या मागे जावे लागते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्यातले दोन-तृतीयांशाच्या आसपास हिमोग्लोबिनमध्ये असते. बोन मॅरोला नव्या लाल पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, पण आतड्यातून रोज येते ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचे सगळे जुन्या लाल पेशी मोडून मॅक्रोफेज परत देतात. यावर लक्ष ठेवणारा हार्मोन हेप्सिडिन, तो यकृतात तयार होतो. आतड्याच्या पेशीतून आणि मॅक्रोफेजमधून लोह बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन; हेप्सिडिन त्याला चिकटते आणि ते पेशीतच नष्ट होते. शरीरात इन्फ्लमेशन असेल, तर प्रामुख्याने इंटरल्युकिन-६ मुळे हेप्सिडिन वाढते. मग मॅक्रोफेजमध्ये लोह अडकून राहते, रक्तातले लोह घटते आणि मॅरो उपाशी राहतो. क्रॉनिक डिसीजच्या रकान्यात सीरम आयर्न खाली असण्याचे कारण हे आहे : तिथे साठा आहे, पण तो सुटत नाही. आयर्न डेफिशियन्सीत मात्र साठाच संपलेला असतो. दोन्ही बाण खालीच आहेत, पण दोन्हींची कारणे अगदी वेगळी आहेत.

टीआयबीसी म्हणजे व्यवहारात रक्तातले ट्रान्सफेरिन किती आहे याचे माप. लोह कमी पडले की यकृत ट्रान्सफेरिन जास्त बनवते, म्हणून डेफिशियन्सीत बाण वर जातो. पण इन्फ्लमेशनमध्ये यकृत ट्रान्सफेरिनचे उत्पादन कमी करते. फेरिटिनचे याच्या उलट आहे. ते साठ्याचे माप आहे हे खरे, पण ते ॲक्यूट फेज रिॲक्टंटही आहे, म्हणजे साठा न वाढताही इन्फ्लमेशनमुळे रक्तातले फेरिटिन वाढते. यकृताला इजा झाली असेल तरीही ते वाढते.

आता पुन्हा त्या बाईकडे या. सांध्यांची सूज आणि सीआरपी ४८ यांवरून तिच्यात इन्फ्लमेशन आहे हे उघड आहे. नुसता क्रॉनिक डिसीज असता तर टीआयबीसी खाली आणि फेरिटिन चांगलेच वर दिसायला हवे होते. नुसती डेफिशियन्सी असती तर टीआयबीसी वर आणि फेरिटिन अगदी तळाला असते. तिच्यात दोन्ही एकत्र आहेत. एकाने वर ओढले, दुसऱ्याने खाली, आणि आकडे मध्ये येऊन थांबले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केले आहे : एरवी निरोगी असलेल्या प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता समजावी, पण संसर्ग किंवा इन्फ्लमेशन असेल तर ही मर्यादा ७० धरावी. त्या मापाने ५८ हा आकडा कमतरतेचाच आहे. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन स्वतः काढून पाहा : २२ ला २९० ने भागून १०० ने गुणले की साधारण ७.६ टक्के येते, म्हणजे १६ टक्क्यांच्या बरेच खाली. मात्र हा आकडा दोन्ही आजारांत खाली जाऊ शकतो, म्हणून एकट्या त्याच्यावर निर्णय करू नये. थॅलेसेमिया ट्रेटसाठी एमसीव्हीला दशलक्षांतल्या आरबीसी काउंटने भागा. ७५ भागिले ३.६ म्हणजे जवळजवळ २१. हा भागाकार १३ च्या खाली आला असता तर ट्रेटचा विचार पुढे न्यावा लागला असता. ही निव्वळ चाळणी आहे आणि डेफिशियन्सी सोबत असेल तर तीही फसू शकते. तरी आपला काउंटच कमी आहे, हे या क्षणी पुरेसे बोलके आहे.

लोह कमी आहे असे एकदा ठरले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : ते गेले कुठे? रोजची दुखण्याची गोळी, म्हणजे एनएसएआयडी. जठराच्या आतल्या अस्तरावर व्रण होऊन रक्त थेंबाथेंबाने जात असेल आणि तिला पोटदुखी अजिबात नसेल, असे सहज घडते. एक मिलिलीटर लाल पेशींत साधारण एक मिलिग्रॅम लोह असते, त्यामुळे रोज काही मिलिलीटर रक्त गेले तरी आतड्यातून येणारे लोह ते भरून काढू शकत नाही. तिला शौचाचा रंग विचारायचा, स्टूल ऑकल्ट ब्लड पाहायचे आणि एंडोस्कोपीचा विचार करायचा. पाळी चालू आहे का आणि रक्तस्राव किती होतो, हेही विचारायचेच. ४६ व्या वर्षी ते कारण अगदी शक्य आहे, पण ते सापडले म्हणून पोटाकडे दुर्लक्ष करता येत नाही. ‘क्रॉनिक डिसीज’ म्हणून जो विद्यार्थी थांबला, तो यांतला एकही प्रश्न विचारणार नाही, आणि सांध्यांसाठी कदाचित तीच गोळी पुढे चालू ठेवील.

उपचारातही तेच. स्लाइडवर ‘ओरल आयर्न’ एवढेच असते. गोळी लागू पडत असेल तर ७ ते १० दिवसांत रेटिक्युलोसाइट वाढतात आणि तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण २ ग्रॅमने चढते. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळी सुमारे तीन महिने चालू ठेवावी लागते. या बाईत हेप्सिडिन वाढलेले असल्यामुळे आतड्यातून लोह शोषलेच जाणार नाही, अशी शक्यता आहे. म्हणून सांध्यांच्या आजारावर योग्य उपचार हवेत आणि गरज पडली तर शिरेतून लोह द्यावे लागते. गोळी घेऊन महिना झाला आणि हिमोग्लोबिन हलले नाही, तर चार शक्यता तपासायच्या : गोळी घेतलीच जात नाही, रक्त अजून जात आहे, शोषण होत नाही, किंवा निदान चुकले आहे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारावी. ज्वारीच्या भाकरीतील फायटेट आणि जेवणानंतर लगेच घेतलेला चहा, दोन्ही लोहाचे शोषण कमी करतात. भाकरी सोडायला सांगण्याचे काही कारण नाही. गोळी चहापासून दूर ठेवावी आणि जेवणात लिंबू पिळून घ्यावे, एवढे सांगितले तरी पुरते. स्लाइडवर ‘डाएटरी’ या एका शब्दात एवढे सारे मावलेले असते.

आता तुमच्या प्रश्नातल्या पद्धतीकडे येतो. वर आपण जे केले तेच रोजच्या अभ्यासात, छोट्या प्रमाणात करायचे आहे.

लेक्चरच्या आदल्या रात्री पीपीटी मिळाली असेल तर फक्त मथळे आणि तक्ते पाहून ठेवा, वाचू नका. वर्गात स्लाइडवरचे उतरवून घेण्यात वेळ घालवू नका, ते फाइलमध्ये आहेच. वहीत फक्त ते लिहा जे स्लाइडवर नाही : शिक्षकांनी सांगितलेला रुग्ण, ‘पण’ने सुरू झालेली वाक्ये, फळ्यावर काढलेली आकृती. प्रत्येक नोंदीपुढे स्लाइडचा क्रमांक टाका, म्हणजे पुढे जोडणी सापडते. माझा अनुभव असा की वर्गातली सगळ्यात मोलाची वाक्ये ‘पण’ने सुरू होतात, आणि नेमकी तीच स्लाइडवर कधी नसतात.

त्याच संध्याकाळी, विसर पडण्याआधी, एक महत्त्वाची स्लाइड निवडा. सगळ्या नव्हेत. तक्त्यातल्या प्रत्येक बाणाचा एक प्रश्न करून कागदावर लिहा : टीआयबीसी वर का जाते? इन्फ्लमेशन सोबत असेल तर काय होईल? दोन आजार एकत्र असतील तर हा रकाना कसा दिसेल? फाइल बंद करून उत्तरे लिहिण्याचा प्रयत्न करा. जिथे अडाल तेवढ्याच ओळींसाठी पुस्तक उघडा. ॲनिमियाचे प्रकरण मोठे आहे, पण वरच्या प्रश्नांची उत्तरे लोहाच्या चयापचयाच्या दोन-तीन पानांत आहेत. पुस्तक पूर्ण वाचायला वेळ नाही ही तुमची अडचण खरी आहे, आणि तिच्यावर हाच मार्ग आहे : कोणती पाने वाचायची, हे स्लाइडवरचे अडलेले बाण ठरवतील.

हे करताना एक खूण लक्षात ठेवा. एखादी ओळ तुम्हाला समजली आहे की नुसती ओळखीची वाटते, हे तपासायचे असेल तर तिच्यात एक गोष्ट बदलून पाहा. ‘डेफिशियन्सीत फेरिटिन कमी’ ही ओळ घ्या आणि स्वतःला विचारा : रुग्णाला क्षयरोग असेल तर? सिरोसिस असेल तर? कालच रक्त चढवले असेल तर? उत्तरासाठी पुन्हा स्लाइड शोधावी लागली, तर ती ओळ अजून तुमची झालेली नाही. व्हायव्हातले परीक्षक नेमके हेच करतात, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पेपरातला रुग्णाची माहिती देऊन विचारलेला प्रश्नही याच पद्धतीने रचलेला असतो.

चित्रांच्या स्लाइडबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथली अडचण वेगळी आहे. पीपीटीतला आयर्न डेफिशियन्सीचा स्मिअर म्हणजे कुणीतरी शोधून, निवडून घेतलेले उत्तम फील्ड असते. फिकट मध्यभाग पेशीच्या एक-तृतीयांशाहून मोठा, पेन्सिल सेल स्पष्ट, सगळे नजरेत भरणारे. प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली हे फील्ड तुम्हाला स्वतः शोधायचे असते. स्मिअरच्या जाड भागात पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. अगदी टोकाला त्या पसरून चपट्या होतात आणि मधला फिकटपणा नाहीसा होतो, मग हायपोक्रोमियाचा स्मिअरही नॉर्मल वाटतो. पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतील तोच भाग पाहायचा. आकार ठरवायला शेजारच्या छोट्या लिम्फोसाइटचे केंद्रक घ्या. नॉर्मल लाल पेशी साधारण तेवढी असते, त्याहून स्पष्ट लहान पेशी भरपूर असतील तर मायक्रोसाइट म्हणा.

आणखी एक गोष्ट अशी, जी चित्रात कधीच दिसत नाही. स्मिअर नीट वाळण्याआधी फिक्स केला किंवा मिथेनॉलमध्ये पाणी मिसळले गेले असेल, तर पेशींच्या मध्ये छिद्र पाडल्यासारखे पांढरे गोल दिसतात आणि नवखा विद्यार्थी त्याला हायपोक्रोमिया म्हणतो. फरक कडेवरून ओळखता येतो. खऱ्या हायपोक्रोमियात रंग कडेकडून मध्याकडे हळूहळू फिका होत जातो. पाण्याच्या दोषात गोलाची कड एकदम तीव्र असते आणि फाइन ॲडजस्टमेंट फिरवली की ती चमकते. शंका असेल तर काउंटरवरचा एमसीएच पाहा. आपल्या उदाहरणातल्या बाईचा तो साधारण २३ पिकोग्रॅम येईल, म्हणजे तिचा फिकटपणा खरा आहे. स्मिअर फिकट आणि एमसीएच २९ असे असेल, तर आधी स्मिअर पुन्हा करा.

आकड्यांच्या बाबतीत, मागच्या बॅचकडून आलेली पीपीटी असेल तर जपून. फाइल हातोहाती फिरते, मधल्या काळात मर्यादा बदलतात, आणि कॉपी करताना एकके गळतात. फेरिटिनच्या बाबतीत मायक्रोग्रॅम प्रति लीटर आणि नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर हे आकडे सारखेच येतात, त्यामुळे तिथे निभावते. सीरम आयर्न मात्र काही ठिकाणी मायक्रोमोल प्रति लीटरमध्ये दिलेले असते आणि तिथे आकडा साडेपाच पटींहून अधिक लहान दिसतो. एकक नसलेला आकडा पाठ करू नका. त्याच्या शेजारी एकक आणि कोणत्या गटासाठी ती मर्यादा आहे ते स्वतःच्या हाताने लिहा.

सगळ्याच स्लाइडवर एवढी मेहनत घ्यायची नाही. वर्गीकरणांच्या याद्या, स्टेनची नावे, गुंतागुंतींच्या याद्या यांसाठी पीपीटी पुरेशी आहे, तिथे पुस्तकात शिरू नका. बाण, तक्ते, फ्लोचार्ट आणि निकषांच्या मर्यादा जिथे आहेत, तिथेच थांबा.

शेवटची गोष्ट परीक्षेच्या आदल्या आठवड्यासाठी. पीपीटी पुढून मागे वाचत बसण्यापेक्षा उलट करा. सिव्हिलच्या लॅबमध्ये पोस्टिंग असताना, रेसिडेंटची परवानगी घेऊन, मायक्रोसायटिक ॲनिमियाचे काही सीबीसी वहीत उतरवून ठेवा. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, वॉर्ड काहीही लिहायचे नाही. वय, स्त्री की पुरुष, आणि आकडे. त्या आठवड्यात एकेक घेऊन आधी स्वतःचे निदान, त्याची कारणे आणि पुढची एक तपासणी लिहा, आणि मगच तक्ता उघडून ताडून पाहा. जो रुग्ण कुठल्याच रकान्यात बसत नाही, तो घेऊन शिक्षकांकडे जा. तासभराच्या लेक्चरमध्ये जे सांगायला त्यांना वेळ मिळाला नव्हता, ते त्या एका आकड्यावर ते तुम्हाला समजावून सांगतील.